तुम्ही विचारलंत म्हणून : वालाचा दाणा

"फ्रेंच कथांचा अनुवाद करताना पदार्थांची, सणांची नावं तुम्ही कधी तशीच ठेवता, कधी मराठी करता, कधी समजावून सांगता. याला काही नियम आहे, की मनाला येईल तसं?"

नियम होता. पहिली पाच-सहा वर्षं तो कागदावर लिहून मी टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवला होता. वस्तू आपल्याकडे असेल तर मराठी शब्द, नसेल तर फ्रेंच शब्द आणि खाली तळटीप. तो कागद मी एके दिवशी काढून टाकला. त्याला कारण झालं एक पोस्टकार्ड, आणि त्या पोस्टकार्डाबद्दल बोलायचं मी आजवर टाळत आले. पण तुम्ही सगळे पुन्हा पुन्हा विचारता, आणि मी दर वेळी "संदर्भावर अवलंबून असतं" असं म्हणून सुटका करून घेते. ते खरं असलं तरी उत्तर नव्हे.

आधी एक तक्रार करून घेते. ज्यांना फ्रेंच येतं ते विचारतात, मराठी कशाला केलं? ज्यांना येत नाही ते विचारतात, तसंच कशाला ठेवलं? दोन्ही बाजूंना वाटतं की शब्द एक तर मराठीत "आहे" किंवा "नाही", आणि मी नीट शोधला नाही. शोधण्यात मी कधी कसूर केली नाही. शब्द सापडल्यावर तो त्या वाक्यात नांदतो का, ही खरी अडचण असते.

बागेतचंच घ्या. फ्रान्समध्ये घरोघरी येणारा तो लांब, कडक सालीचा पाव. माझ्या नियमाप्रमाणे वस्तू आपली नाही, म्हणून शब्द त्यांचा. मी लिहिलं, "तो काखेत बागेत धरून जिना चढला." मनात वाचताना काही खटकलं नाही. मोठ्याने वाचलं आणि थांबले. मराठी कानाला बागेत म्हणजे बागेमध्ये, त्यात शेजारी काखेत. इतर कुठल्या भाषेत चालेल, पण मराठीत हा शब्द जागेवरच बसत नाही, कारण ती जागा आपल्या सप्तमीने आधीच घेतलेली आहे. 'बॅगेट' लिहिलं की तो इंग्रजीच्या दारातून आलेला वाटतो. शेवटी मी "लांब पाव" लिहिलं. त्या प्रसंगात माणूस जिना चढता चढता पावाचं टोक मोडून तोंडात टाकतो, फ्रेंच माणसं करतात तसं. लांब पावाला टोक असतं. एवढं पुरलं. आणि पाव तरी आपला कुठे होता? पोर्तुगीजांबरोबर आला.

उलट 'गुते' या शब्दाला मी घाबरत होते आणि तो सहज सुटला. मुलं शाळेतून चार-साडेचारला घरी येतात तेव्हा पावाचा तुकडा आणि चॉकलेटची वडी मिळते, ते गुते. आपण त्याला 'मधल्या वेळचं' म्हणतो. पदार्थ निराळा, वेळ तीच, भूक तीच, "काही आहे का खायला" हा सूरही तोच. अशी एखादी जुळणी झाली की दिवसभर मला बरं वाटतं. या दोन-चार जुळण्यांनीच मला गाफील केलं, असं आता वाटतं.

तर ती कथा.

एका फ्रेंच लेखिकेची, बारा-तेरा पानांची. जानेवारीतला पहिला रविवार, साल १९५७. फ्रान्समध्ये तेव्हा तरुण मुलांना सक्तीच्या लष्करी सेवेवर अल्जीरियातल्या युद्धात पाठवत होते, आणि या घरातला थोरला मुलगाही तिकडे गेलेला. घरात आई, वडील, आजी आणि सात वर्षांची मुलगी. कथा ती मुलगीच सांगते. त्या दिवशी तीन राजांच्या सणाची 'गालेत' कापायची असते. पापुद्र्या-पापुद्र्यांची गोल पोळी, आत बदामाचं मऊ सारण, आणि त्या सारणात कुठेतरी लपवलेली एक 'फेव्ह'. ज्याच्या वाट्यात ती निघेल तो त्या दिवसाचा राजा, डोक्यावर कागदी मुकुट. कापणाऱ्याने लबाडी करू नये म्हणून घरातलं सगळ्यांत लहान मूल टेबलाखाली जाऊन बसतं. वडील प्रत्येक वाट्यावर सुरी ठेवून विचारतात, "हा कुणाचा?" मूल न बघता एकेकाचं नाव घेतं. एक वाटा जास्तीचा कापायची चाल आहे, तो गरिबाचा. दारात कुणी आलं तर त्याला, नाहीतर घरातल्या गैरहजर माणसाला.

टेबलाखाली बसलेल्या त्या मुलीला सुरी अडल्याचा बारीक आवाज येतो. फेव्ह कुठल्या वाट्यात आहे ते तिला कळतं. वडील विचारतात, "हा कुणाचा?" आणि ती लांब अल्जीरियात असलेल्या भावाचं नाव घेते. वरून कुणी काहीच बोलत नाही. आई तो वाटा फडक्यात बांधून ठेवते. भाऊ परत येत नाही. चाळीस वर्षांनी आईचं घर रिकामं करताना बटणांच्या डब्यात त्या मुलीच्या हाताला ती फेव्ह लागते. कथा तिथे संपते.

'फेव्ह' हा शब्द मी शब्दकोशात पाहिला. वालाच्या, घेवड्याच्या जातीचं एक कडधान्य. वस्तू आपल्याकडे आहे, म्हणून मराठी शब्द. मी लिहिलं 'वालाचा दाणा'. भिंतीवरचा नियम तंतोतंत पाळला. तळटीपही दिली होती : "या सणाच्या पोळीत वालाचा एक दाणा लपवतात." मासिकाने जागेअभावी ती गाळली. बरीच वर्षं मी त्या गाळलेल्या तळटिपेला दोष देत होते. आता सांगते, तळटीप छापली असती तरी काही वाचलं नसतं, कारण तळटीपच चुकीची होती.

कथा छापून आली. लोकांना आवडली. महिन्याभराने एका बाईंचं पोस्टकार्ड आलं, सुवाच्य अक्षरात. कथा वाचून डोळ्यांत पाणी आलं, असं लिहून पुढे त्यांनी दोन शंका विचारल्या होत्या. चाळीस वर्षं बटणांच्या डब्यात पडलेल्या वालाला कीड कशी लागली नाही? आणि ओल्या सारणात भाजून निघालेल्या दाण्यावर सुरी अडेल कशी, तो तर शिजून मऊ होईल ना? "माझ्या समजुतीत काही चुकत असेल तर कळवावे," असं शेवटी.

मी उत्तर पाठवलं. लिहिलं, की तिथला वाल आपल्यापेक्षा मोठा आणि फार टणक असतो.

हे वाक्य मी कुठेही वाचलेलं नव्हतं. मी ते रचलं. तेव्हा मी फ्रान्सला गेले नव्हते आणि गालेत पाहिलीही नव्हती. एका बाईंनी आपल्या स्वयंपाकघराच्या अनुभवावरून मी केलेली चूक बरोबर तिच्या जागेवर दाखवली होती, आणि मी भाषा येत असल्याच्या जोरावर त्यांना गप्प केलं. अनुवादातली चूक माणसाच्या हातून होते. पण ते उत्तर चूक नव्हतं.

तीन वर्षांनी जानेवारीत मी फ्रान्समध्ये होते. ओळखीच्या एका कुटुंबाने रविवारी बोलावलं. पांढऱ्या खोक्यातून गालेत निघाली, तिच्याबरोबर सोनेरी कागदाचा मुकुट. ओव्हनमध्ये जराशी गरम केली. वरचा तुकतुकीत तपकिरी पापुद्रा, त्यावर सुरीच्या टोकाने काढलेल्या वळणदार रेघा. नातू टेबलाखाली गेला. घरातल्या आजी कापायला बसल्या. पहिले दोन वाटे नुसते कुरकुरत सुटले. तिसऱ्याला सुरी अर्ध्यावर जाऊन थांबली आणि 'खट्' असा आवाज झाला, बशीवर चमचा लागावा तसा. आजींनी सुरी बोटभर बाजूला सरकवली आणि काहीच झालं नाही अशा चेहऱ्याने पुढे कापलं. टेबलाभोवतीचे सगळे गालातल्या गालात हसले, कारण सगळ्यांनी ऐकलं होतं.

तो वाटा सुनेला गेला. तिने तोंडातून काहीतरी काढलं, रुमालाला पुसलं आणि टेबलावर ठेवलं. चिनीमातीचा मासा, झिलई दिलेला, बोटाच्या पेराएवढा. "फेव्ह!" सगळे ओरडले. मी विचारलं, मासा आहे तर फेव्ह का म्हणता? आजी म्हणाल्या, पूर्वी खरोखरचा वाळलेला दाणा घालत, म्हणून. १९व्या शतकाच्या अखेरीपासून दाण्याच्या जागी चिनीमातीच्या छोट्या आकृत्या येऊ लागल्या, बहुतेक गुंडाळलेल्या बाळाच्या. पुढे प्राणी आले, प्लॅस्टिकही आलं. वस्तू बदलली, नाव राहिलं. हे त्या घरातल्या सहा वर्षांच्या मुलालाही माहीत होतं. ते कुणी त्याला शिकवलं नव्हतं, आणि शब्दकोशाने मला.

माझ्या घशाखाली घास उतरेना. कथेतलं शेवटचं पान आठवलं. बटणांच्या डब्यातून मुलीच्या हाती जे लागतं त्याचं लेखिकेने वर्णन केलेलं आहे : पांढरं, गुळगुळीत, दुपट्यात गुंडाळलेलं, नाक-डोळे पुसट झालेले. मी ते वाचलं होतं. त्याचा अनुवादही केला होता. "पांढरा, गुळगुळीत दाणा, सालीत गुंडाळलेला," असा. आणि नाक-डोळे? ते मला लाक्षणिक वाटले होते, म्हणून मी "पुसट खुणा" केलं होतं. मूळ मजकूर तीन ठिकाणी मला हाक मारत होता. सुरी अडते, कीड लागत नाही, चेहरा आहे. मी शब्दाला धरून बसले आणि वाक्यांचं ऐकलं नाही.

त्या बाईंना मी तिथूनच पत्र लिहिलं, जुन्या पत्त्यावर. तुमच्या दोन्ही शंका बरोबर होत्या, माझं उत्तर खोटं होतं, असं स्पष्ट लिहिलं. पत्र परत आलं नाही. उत्तरही आलं नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. ही कथा नंतर संग्रहात घ्यायची ठरली तेव्हा मी ती पुन्हा अनुवादायला घेतली, आणि एका शब्दावर जवळजवळ महिना काढला.

'फेव्ह' तसाच ठेवणं सगळ्यांत सुरक्षित होतं. चूक होण्याचा धोका नाही. पण सात वर्षांच्या मुलीच्या तोंडी तो घरातला शब्द आहे, आपल्याकडे गोटी किंवा चिंचोका असावा तितका साधा. मराठी वाचकाला 'फेव्ह' दिसला की मुलगी परकी होते. तिला जे रोजचं, ते वाचकाला पाहुण्यासारखं. आणि शेवटच्या पानावर, जिथे काळजाला हात घालायचा, तिथे वाचक "फेव्ह म्हणजे काय होतं बरं" म्हणून मागची पानं चाळणार. तळटीप दिली तर डोळा नेमका त्या क्षणी खाली जाणार.

'मणी' करून पाहिलं. वाजतो, टिकतो, बटणांच्या डब्यातही शोभतो. पण मण्याला भोक असतं, आणि मणी म्हटलं की माळ येते. 'चिनीमातीचं बाळ' म्हणावं, तर लेखिकेने शेवटापर्यंत राखून ठेवलेली गोष्ट मी दुसऱ्याच पानावर फोडते. फ्रेंच वाचकाला सुरुवातीपासून माहीत असतं की आत चिनीमातीचं काहीतरी आहे, पण काय आहे ते माहीत नसतं. तेवढंच माहीत असणं आणि तेवढंच माहीत नसणं मला मराठीत हवं होतं.

फिरून मी 'दाणा'वर आले. फक्त 'वालाचा' काढला. दाणा हा शब्द त्या मुलीच्या वयाला शोभतो, उच्चारायला लहान आहे, आणि फ्रेंच शब्दाच्या पोटातली जुनी गोष्टही त्यात राहते. पण नुसता दाणा म्हणजे पुन्हा तेच पोस्टकार्ड. म्हणून गालेत घरात येते त्या परिच्छेदात मी एक वाक्य घातलं : "दाणा म्हणायचे सगळे, पण असायचा तो चिनीमातीचा, खरा वालाचा दाणा आजीच्या लहानपणी." यापुढे कथेत फक्त दाणा. सुरी दाण्यावर खट् वाजते. आई दाणा डब्यात टाकते. शेवटी दाण्याला नाक-डोळे निघतात.

हे वाक्य मूळ कथेत नाही. लेखिकेला ते लिहायची गरज नव्हती. तिचे वाचक ते वाक्य जन्मापासून बरोबर घेऊन येतात. मी स्वतःला असं समजावते, की मी काही भर घातली नाही, तिच्या वाचकाच्या डोक्यात जे होतं ते फक्त कागदावर आणलं. पण माझंच मन उलट विचारतं, मग उद्या आणखी एक वाक्य का नको? गरिबाच्या वाट्याबद्दल का नको? अल्जीरियाबद्दल का नको? कुठे थांबायचं हे कोण ठरवणार? पूर्वीची मी, तो कागद चिकटवणारी, असं वाक्य घालणाऱ्या अनुवादकाला बेइमान म्हणाली असती. तिला मी पूर्ण उत्तर देऊ शकत नाही. एवढंच म्हणू शकते की तिने केलेला अनुवाद शब्दाशी प्रामाणिक होता आणि त्यात एक बाळ वाल झालं.

आता 'गालेत' मात्र मी तशीच ठेवली, आणि त्यावरही लोकांनी मला धारेवर धरलं. केक का नाही? केक म्हटलं की मऊ स्पंज, वर क्रीम आणि मेणबत्त्या येतात. तशा केकवर सुरी अडायला जागा नाही. चिरोटा जवळ येतो, पण चिरोटा एकेकाला एकेक मिळतो. ही तर कापून वाटायची गोष्ट आहे आणि सगळी कथा वाटण्यावर उभी आहे. म्हणून नाव त्यांचं, अंग आपलं : पापुद्रे, सारण, वाटा. तीन शब्दांत पदार्थ डोळ्यांसमोर येतो आणि समजावून सांगावं लागत नाही. 'वाटा'वर तर माझा फार जीव आहे. फ्रेंचमध्येही त्या शब्दाचे तुकडा आणि हिस्सा असे दोन्ही अर्थ होतात. "हा वाटा कुणाचा?" या प्रश्नात वडिलांना न कळत जे येतं, ते मराठीत आपसूक आलं.

पण पदार्थाचं पूर्ण नाव, 'गालेत दे र्‍वा', मी ठेवलं नाही. पहिल्या छपाईत शब्दारंभीच्या त्या र्‍चा रफार झाला, अख्खा शब्द आधीच्या शब्दाला चिकटला, आणि 'देर्वा' असं काहीतरी तयार झालं. शिवाय त्या नावातले 'राजे' मराठीत दिसायलाच हवेत, नाहीतर मुकुट कुठून आला? मराठी बायबलमध्ये येशूच्या दर्शनाला पूर्वेकडून येतात ते 'मागी लोक'. तो शब्द नेमका आहे, पण त्याला मुकुट नाही. म्हणून 'तीन राजांची गालेत'.

आणि ती गालेत घरात आणायची तर तिला मराठी रूपं घ्यावी लागतात. गालेतचा की गालेतीचा? पंगत-पंगतीचा, गंमत-गमतीचा, मग गालेत-गालेतीचा. मुद्रितशोधकाने सगळीकडे 'गालेतचा' केलं होतं. मी एकेक ठिकाणी 'ती' परत घातली. पाव, बटाटा हे शब्द तोंडावाटे आले. माणसांनी आधी खाल्ले, मग त्यांना प्रत्यय लागले. गालेत कागदावरून येते आहे. जीभ तिच्यासाठी काही करणार नाही. जे करायचं ते मलाच करावं लागतं, आणि त्यात निदान सामान्यरूप तरी मला हक्काने देता येतं.

एवढं सगळं सांगून तुम्हाला वाटेल की आता मला जमलं. सध्या जे पुस्तक हातात आहे त्यात फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातली एक आजी आहे. तिकडे गालेत म्हणजे कुट्टूच्या पिठाचं, लोखंडी गोल तव्यावर लाकडी फावड्याने पसरलेलं पातळ, खारं धिरडं. धिरडंच, दुसरं काही नाही. मी पहिल्या चाळीस पानांत बिनदिक्कत 'धिरडं' लिहिलं आणि ते इतकं छान बसलं की आजी बोलायला लागल्यासारखी वाटली.

एक्केचाळिसाव्या पानावर तिचा नातू जानेवारीत पॅरिसला मावशीकडे जातो. मावशी म्हणते, आज गालेत आहे. पोरगा आनंदाने टेबलाशी बसतो, धिरड्याची वाट बघत, आणि समोर येते बदामाचं सारण घातलेली गोड पोळी. तो रडायला लागतो, आणि का रडतोय ते कुणाला कळत नाही.

शब्द एकच असला तरच ते रडणं उभं राहतं. मागे जाऊन चाळीस पानांत 'गालेत' करावं, तर आजीच्या तव्यावरून धिरडं उचलावं लागेल. तसंच ठेवलं, तर पोरगा उगीच रडतो. हस्तलिखितात त्या पानावर दोन्ही शब्द पेन्सिलीने एकाखाली एक लिहिलेले आहेत. काल रात्री वरचा खोडला होता, आज सकाळी पुन्हा लिहिला.